गूळ पावडरची नवी लाइन : भाव १० टक्के पडला काय नि विक्री १० टक्के पडली काय, एनपीव्ही सारखाच कसा येतो?

गुऱ्हाळघर
नमस्कार मंडळी. आमचं करवीर तालुक्यात वडिलोपार्जित गुऱ्हाळ आहे. आता ढेपेच्या गुळासोबत पाऊचमधली गूळ पावडर काढायचा विचार आहे. ड्रायर, पल्व्हरायझर, चाळणी आणि पाऊच पॅकिंग मशीन मिळून ५० लाख, वर खेळतं भांडवल १० लाख. वर्षाला २०० टन विक्री धरली आहे. वितरकाकडून आमच्या हातात किलोला ७० रुपये पडतील, जीएसटी वगळून. स्थिर खर्च वर्षाला ९ लाख, मुदत ५ वर्षं, दर १२ टक्के. पाचव्या वर्षाअखेर खेळतं भांडवल परत येतं असं धरलंय, मशीनची किंमत शून्य. कर अजून धरलेला नाही.

एनपीव्ही, म्हणजे पाच वर्षांत येणारा पैसा १२ टक्क्यांनी आजच्या किमतीत आणून गुंतवणूक वजा केल्यावर उरतं ते, १४.२ लाख येतो. मग भाव आणि विक्री खालीवर करून तक्ता केला. विक्री १० टक्के घटवली तर ४.१ लाख. भाव १० टक्के घटवला तरी ४.१ लाखच. प्रोजेक्ट रिपोर्ट करून देणारे सल्लागार म्हणतात, दोन्ही सारखंच असेल तर भाव ६५ करा, विक्री ३० टक्के वाढेल, मग एनपीव्ही ३५ लाखांवर जातो. शीटमध्ये खरंच ३५.१ येतो. पण वडिलांना हे पटत नाही. ते म्हणतात, "किलोला पाच रुपये सोडून कुणी श्रीमंत झालेला मी पाहिला नाही." कोण बरोबर?

पन्हाळा७
वडील. आता पुढचं कुणीतरी आकड्यात सांगा.

रात्रपाळी
तुमची चूक मला माहीत आहे. एक्सेलचं `NPV` सूत्र पहिली रक्कम एका वर्षानंतरची समजतं. आज घातलेले ६० लाख त्या कंसात घेतले असतील तर सगळं चुकतं. आमच्या कंपनीत अख्खा रिपोर्ट यामुळे परत आला होता. हे सुधारा, दोन्ही आकडे वेगळे येतील.

गुऱ्हाळघर
दादा, बघितलं. ६० लाख बाहेरच आहेत: `=NPV(12%,D10:H10)+C10`

मसालेवाली
माझं थोडं वेगळं आहे, पण लिहिते. माझा कांदा-लसूण मसाल्याचा छोटा कारखाना आहे. तीन वर्षांपूर्वी मी वितरकाला २०० ग्रॅमच्या पाकिटामागे चार रुपये कमी केले. वाटलं, दुकानात स्वस्त होईल, जास्त खपेल. सहा महिन्यांनी स्वतः दुकानं फिरले, तर गिऱ्हाईक जुनीच किंमत देत होतं. माझे चार रुपये मधल्या मध्ये वाटले गेले होते. विक्री वाढली ती दिवाळीत जेवढी दरवर्षी वाढते तेवढीच. भाव परत वर न्यायला मला दीड वर्ष लागलं. तेव्हा ३० टक्के वाढ कुठून येणार हे त्या सल्लागारांना आधी विचारा.

हिशेबनीस
गुऱ्हाळघर, बदलत्या खर्चाची ओळ इथे टाका. पहिल्या पोस्टमध्ये तुम्ही सगळं लिहिलंत, पण किलोमागे खर्च किती हे लिहिलं नाही. मला वाटतं उत्तर तिथेच आहे.

गुऱ्हाळघर
घ्या. C4 म्हणजे टन, C5 म्हणजे भाव. रकमा लाखांत.

```
C6  =C4*C5/100
C7  =C6*80%
C8  =C6-C7-9
```

बदलता खर्च विक्रीच्या ८० टक्के धरला आहे. प्रत्यक्षात किलोला ५६ रुपये होतात: घट धरून गूळ ४४, पाऊच आणि खोकी ७, वाहतूक ३, वीज आणि पॅकिंगची मजुरी २. सत्तरातले छप्पन्न म्हणजे बरोबर ८० टक्के.

हिशेबनीस
सापडलं. आज ७० रुपये भाव आहे तेव्हा ८० टक्के आणि ५६ रुपये एकच, म्हणून मूळचा १४.२ बरोबर येतो आणि चूक लपून राहते. पण C5 मध्ये ६३ टाकलेत की C7 आपोआप किलोला ५०.४० होतं. म्हणजे तुम्ही पावडर स्वस्त विकली म्हणून गूळही स्वस्त मिळाला, पाऊचही स्वस्त मिळाला, ट्रकवाल्यानेही भाडं कमी केलं, असं तुमची शीट मानते. विक्री घटली तर हे खरं आहे, कमी माल केला तर कमी गूळ लागतो. भाव घटला तर खर्च जिथल्या तिथे राहतो.

ही चूक ओळखायची खूण तुम्हीच पहिल्या पोस्टमध्ये दिली आहे. भाव आणि विक्री सारख्या टक्क्यांनी हलवल्यावर तंतोतंत एकच उत्तर येतं, म्हणजे भाव फक्त गुणाकारात बसलाय, खर्चापासून सुटा झालेला नाही. दुसरी चाचणी: भावाच्या घरात शून्य टाका. बदलता खर्चही शून्य झाला तर शीट फुकट गूळ आणतेय.

C3 मध्ये ५६ लिहा आणि C7 असं करा:

```
C7  =C4*C3/100
```

मग भाव ६३ केल्यावर किलोमागे १४ ऐवजी ७ रुपये सुटतील. वर्षाचे २८ लाखांचे १४ लाख होतील, स्थिर खर्च जाऊन हातात ५ लाख. एनपीव्ही उणे ३६.३ लाख. विक्री १० टक्के घटली तर पूर्वीसारखाच ४.१ लाख. भावाचा फटका विक्रीच्या पाचपट आहे, कारण ७० रुपये हे १४ च्या पाचपट आहेत. ज्या धंद्यात किलोमागे कमी सुटतं तिथे हा पट आणखी मोठा असतो.

रात्रपाळी यांनी सांगितलेली चूक खरी आहे, नेहमी होते. पण तिने हा प्रश्न सुटला नसता. ६० लाख कंसात गेले असते तर प्रत्येक आकडा १.१२ ने भागला गेला असता, १४.२ चा १२.६ झाला असता. दोन्ही बाजूंचं उत्तर तरीही सारखंच आलं असतं.

रात्रपाळी
मान्य. भागाकार सगळ्यांना सारखाच लागतो हे लक्षात आलं नव्हतं.

निपाणीकर
छोट्या अन्नप्रक्रिया उद्योगांसाठीच्या केंद्राच्या पीएमएफएमई योजनेत ३५ टक्के अनुदान मिळतं ना? ५० लाखांवर साडेसतरा लाख मिळतील. मग एवढा हिशेब कशाला, सरळ सुरू करा.

बँकेतला_माणूस
निपाणीकर, ३५ टक्के खरं, पण वैयक्तिक उद्योगाला कमाल १० लाख. आणि ते आज हातात पडत नाही, कर्जाशी जोडलेलं असतं आणि नंतर वळतं होतं. तीन वर्षांनी धरलं तर १२ टक्क्यांनी आजचे ७.१ लाख होतात. योजनेत सध्या अर्ज घेतायत का हे जिल्ह्याच्या कृषी कार्यालयात विचारा.

आम्ही कर्ज देताना एनपीव्हीपेक्षा दरवर्षी हप्ता भरून किती उरतं ते जास्त बघतो. पण भाव पडला तर काय, हा प्रश्न आमचाही पहिलाच असतो.

गुऱ्हाळघर
शून्य टाकून बघितलं, खर्चही शून्य! दोन महिने या शीटवर बसलो होतो. हिशेबनीस सर, मनापासून आभार. C7 बदलून नवा तक्ता केलाय, उभे भाव, आडवे टन, आत एनपीव्ही लाखांत:

```
        160     180     200     220
66    -29.1   -21.9   -14.7    -7.5
68    -17.6    -8.9    -0.3     8.4
70     -6.0     4.1    14.2    24.3
72      5.5    17.0    28.6    40.1
```

म्हणजे ६८ ला सगळं संपतं! दोन रुपयांत! आणि सल्लागारांचं ६५ रुपये, २६० टन टाकलं तर ३५.१ ऐवजी उणे २.४ येतं.

हिशेबनीस
बरोबर. ६५ ला किलोमागे ९ रुपयेच सुटतात. आधीच्या १४ रुपयांइतकं वर्षाला सुटायला ३११ टन विकावे लागतील, म्हणजे साडेपंचावन्न टक्के वाढ. तुमच्या मशीनची क्षमता किती?

गुऱ्हाळघर
एका पाळीत वर्षाला २८० टन, तेही पावसाळ्यात ड्रायरने साथ दिली तर.

हिशेबनीस
म्हणजे ३११ टन त्या मशीनवर होतच नाहीत. तक्ता करताना हेही बघायचं. एक्सेल ४०० टनांचाही रकाना भरून देतं, कारखाना देत नाही. आणि २८० च्या पुढे दुसरी पाळी लावलीत तर ९ लाखांचा स्थिर खर्चही तेवढाच राहणार नाही.

तुमच्यासाठी सोपी कसोटी सांगतो. विक्रीचे टन आणि किलोमागे सुटणारे रुपये यांचा गुणाकार २४०७ च्या वर गेला की एनपीव्ही अधिक, खाली आला की उणे. २०० गुणिले १४ म्हणजे २८००, चाललं. १७२ गुणिले १४ म्हणजे २४०८, काठावर. २६० गुणिले ९ म्हणजे २३४०, बुडालं. वितरक फोनवर भाव पाडून मागत असेल तेव्हा संगणक उघडायची गरज नाही. गुंतवणूक, दर किंवा स्थिर खर्च बदलला की मात्र २४०७ नव्याने काढावा लागेल.

पन्हाळा७
हा २४०७ पॅकिंग टेबलच्या वर भिंतीवर खडूने लिहून ठेवा. वडिलांना आवडेल.

चिपळूणची_आजी
मी कोकम आगळ करते. एनपीव्ही वगैरे मला ठाऊक नाही, पण नातीने हा धागा वाचून दाखवला. पावडरीला पावसाळ्यात ओल लागून गठ्ठे होतात, तो माल दुकानदार परत करतो. परत आलेला माल तुम्ही विक्रीत धरलाय का, बाळा? माझ्याकडे बाटल्या फुगून परत येतात, तेव्हा नुसतं विक्रीचं पुस्तक बघून चालत नाही.

गुऱ्हाळघर
आजी, धरलेला नाही. २०० टन हा गाडीत भरलेला माल आहे. पैसे आलेला माल वेगळा काढावा लागेल. फार मोलाचं सांगितलंत.

आकडेमोड
मी जरा उलटं बोलतो. "भाव विक्रीच्या पाचपट महत्त्वाचा" हे वाक्य १० टक्क्यांना १० टक्के लावले तरच खरं. पण दोन्ही सारख्याच टक्क्यांनी हलतील हे कुणी ठरवलं? तयार पावडरचा बाजारभाव तुम्हाला आजच कळतो, त्यात दोन-तीन रुपयांचा फरक पडेल. विक्री मात्र नवीन ब्रँडची आहे, ती निम्मी होऊ शकते. ज्याचा फटका मोठा ते एक, आणि ज्याची खात्री कमी ते दुसरं. तक्त्यात दोन्ही बाजूंना ठोकळ १० टक्के घेतले की हे दुसरं दिसतच नाही.

आणि पहिल्याच वर्षी २०० टन? समजा पहिल्या वर्षी १००, दुसऱ्या वर्षी १५०, तिसऱ्यापासून २००. भाव ७० च ठेवला. पहिल्या वर्षी हातात ५ लाख, दुसऱ्या वर्षी १२, नंतर १९. एनपीव्ही उणे ३.९ लाख येतो. भाव एका पैशाने न पडता १८ लाख गेले.

हिशेबनीस
आकडेमोड यांचा मुद्दा रास्त आहे आणि मी तो सांगायला हवा होता. पाचपट हे हिशेबाचं गणित झालं, जोखीम कुठे जास्त हे बाजार सांगतो. मी तरी टक्के सोडून देईन. भावासाठी ६७, ७०, ७२ असे लोक खरोखर देतील ते भाव घ्या, आणि विक्रीसाठी पाचही वर्षांचे वेगवेगळे आकडे घ्या. तुमच्या तक्त्यात एकच "टन" पाचही वर्षांना लागतो. त्याऐवजी "दुसऱ्या वर्षी किती आणि तिसऱ्या वर्षी किती" हे चलवा.

सुरुवातीचा माल कमी असेल तर १० लाखांचं खेळतं भांडवलही पहिल्या दिवशी लागणार नाही, तेवढा थोडा दिलासा मिळेल. आणि उलट २६० टन विकायचे तर ते १३ लाखांवर जातं, हे सल्लागारांच्या हिशेबात नव्हतं.

निपाणीकर
मग अनुदान धरलं तर? मी मघाशी घाई केली, पण ७.१ लाख काही कमी नाहीत.

बँकेतला_माणूस
उणे ३.९ चे अधिक ३.२ होतील. आणि पूर्ण २०० टन पहिल्या वर्षापासून धरले तर भावाची शेवटची पायरी ६८ वरून ६७ वर येते. म्हणजे सगळं अनुदान मिळून किलोमागे साधारण एक रुपयाची सवलत. तेवढा रुपया वितरक पहिल्या भेटीतच मागतो.

शाहूपुरी_अडत
मी गुळाच्या व्यवहारात बरीच वर्षं आहे. इथे सगळे ५६ रुपये दगडावरची रेघ समजतायत. त्यातले ४४ गुळाचे आहेत आणि गुळाचा भाव हंगामात वेगळा, हंगाम संपल्यावर वेगळा. गूळ उतरला की पावडरही उतरते, कारण सगळेच पावडरवाले खाली येतात. म्हणजे मुलाची ८० टक्क्यांची ओळ अगदीच खुळी नव्हती. पाऊच आणि भाडं बदलत नाही हे खरं, पण गूळ बदलतो.

हिशेबनीस
शाहूपुरी, तुमचं म्हणणं अर्धं घेतो. गूळ उतरल्यामुळे पावडर उतरली तर खर्चही उतरतो, बरोबर. पण वितरकाच्या दबावाने किंवा शेजारच्या नव्या कारखान्यामुळे भाव उतरला तर गूळ तिथेच राहतो. सल्लागारांचे ६५ रुपये दुसऱ्या प्रकारातले होते. म्हणून दोन्ही घरं सुटी हवीत: गुळाचा भाव एका घरात, पावडरचा दुसऱ्या घरात. एकत्र हलवायचे तर हलवता येतात, पण शीटने न विचारता हलवू नयेत.

शाहूपुरी_अडत
तेही ठीक. पण एक गोष्ट कागदावर येत नाही. गूळ चढला की पावडरचा भाव चढवायला तुम्हाला तीन-चार महिने लागतात, जुन्या भावाच्या ऑर्डरी असतात. गूळ उतरला की वितरक दुसऱ्याच दिवशी फोन करतो.

आकडेमोड
हे धरता येतं. समजा दरवर्षी चार महिने गूळ ४ रुपयांनी वर आणि पावडर ७० लाच अडकलेली. २०० टनांचा तिसरा हिस्सा गुणिले ४ रुपये, म्हणजे वर्षाला २.६७ लाख. पाच वर्षांचे आजचे ९.६ लाख. १४.२ चे ४.६ उरतात.

शाहूपुरी_अडत
आणि दरवर्षी चारच महिने असं कुणी लिहून दिलेलं नाही.

मसालेवाली
मी मिरचीचा वर्षभराचा साठा हंगामात करते म्हणून हे चार महिने मला कमी भोगावे लागतात. पण त्यात पैसे अडकतात, तुमचे १० लाख खेळतं भांडवल मग पुरणार नाही. गुळाला तर साठवणीत रंग काळवंडण्याची भीती वेगळी.

कॅलिफोर्नियाहून_सुहास
एक छोटी सूचना. `Data Table` केल्यावर सगळ्या घरांत एकच आकडा दिसला तर एक्सेलची गणनेची सेटिंग बघा, "Automatic Except for Data Tables" वर असते कधीकधी. F9 दाबलं की आकडे जागे होतात. आणि भाव नि टनाची मूळ घरं तक्त्याच्याच शीटवर हवीत, दुसऱ्या शीटवर असली तर एक्सेल घेत नाही.

गुऱ्हाळघर
मंडळी, तीन दिवस शीटवर बसलो. गुळाचा भाव आणि पावडरचा भाव सुटे केले. पहिल्या वर्षी १००, दुसऱ्या वर्षी १५० टन धरले. ७० ला उणे ३.९ च येतंय, ७२ ला अधिक ७.९. वडिलांना दाखवलं. त्यांनी चष्मा लावून ६८ ची ओळ दोनदा वाचली आणि विचारलं, "बहात्तर कोण देईल?"

तेच शोधतोय. पुण्यातल्या दोन मिठाईवाल्यांशी बोलणं झालंय, ते १० किलोच्या पिशवीत घेतील. पाऊच नाही, म्हणजे ७ रुपयांतले निदान ४ वाचतात. पण भाव ६७ म्हणतात. किलोमागे १५ सुटतात, पाऊचपेक्षा एक जास्तच. ६५ ला विकायचा विचार मात्र सोडला, आणि सल्लागारांनाही C7 पाठवून दिलं.

शाहूपुरी काका, हंगाम आणि बिगरहंगाम असे मागच्या काही वर्षांचे गुळाचे भाव तुमच्याकडे वहीत असतील का? ४ रुपये मी नुसते मानलेत.

शाहूपुरी_अडत
वह्या आहेत. रविवारी दुकानात ये, सोबत वडिलांना आण. ४ रुपये कमी धरलेत असं मला वाटतं.

हिशेबनीस
मिठाईवाले उधारी किती दिवसांची मागतायत ते विचारलंत का? ९० दिवस असेल तर १० लाख खेळतं भांडवल पुन्हा काढावं लागेल.

गुऱ्हाळघर
४५ म्हणालेत. लेखी घेतो.